मुदत मागणारे पत्र

२०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त आला आणि लग्नाचे नेहमीचे मुहूर्त पंचांगातून जवळजवळ नाहीसेच झाले. काही घरांनी तडजोड करून कार्ये उरकली, बऱ्याच जणांनी थांबायचे ठरवले. शहरातल्या मंगल कार्यालयांची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. तालुक्याच्या गावातल्या कापड दुकानदाराची फारशी कुठे झाली नाही. त्याने बस्त्यांसाठी लागणारा माल फेब्रुवारी-मार्चमध्येच उधारीवर भरून ठेवला होता. त्यात निवडणुकीची आचारसंहिता, रोकड घेऊन फिरणाऱ्यांची नाक्यानाक्यावर तपासणी, आणि ४,६०० रुपये हमीभावाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली रेंगाळणारे सोयाबीन. फळीवर शालू तसेच होते आणि बिलांची मुदत भरत आली होती.

अशा वेळी दुकानदार सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. घाऊक व्यापाऱ्याचा फोन उचलायचे टाळतो, नाहीतर फोन उचलून ‘शेठ, दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या’ म्हणतो. दोन्हींचा परिणाम एकच: पुढचा माल थांबतो. तिसरा मार्ग आहे तो पत्राचा, आणि तो मुदत भरायच्या आधी पत्र लिहिण्याचा. या पत्रात विनवणीला फारशी जागा नसते. त्यात हिशेब असतो, आणि तो कसा मांडायचा हे एका उदाहरणावरून नीट कळेल.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साड्यांचे दुकान आहे असे धरू. माल सोलापूरच्या एका घाऊक पेढीकडून येतो, ठरलेली उधारी ९० दिवसांची. तीन बिले उभी आहेत. १२ फेब्रुवारीचे २,४०,००० रुपयांचे, ४ मार्चचे २,१०,००० चे आणि २२ मार्चचे १,५०,००० चे. एकूण सहा लाख. पहिल्या बिलाची मुदत १२ मेला भरते, दुसऱ्याची २ जूनला, तिसऱ्याची २० जूनला. एप्रिल संपताना दुकानदाराला कळून चुकले आहे की १२ मेला अडीच लाखांच्या जवळपास रक्कम उभी राहणार नाही.

पत्राला बसण्याआधी त्याने पेढीकडून खातेउतारा मागवला आणि आपल्या वहीशी ताडून पाहिला. पेढीच्या उताऱ्यात बाकी ६,०८,४०० दिसत होती. वरचे ८,४०० डिसेंबरात परत पाठवलेल्या डागी साड्यांचे. माल पोचला होता, क्रेडिट नोट निघायची राहिली होती. रक्कम किरकोळ वाटते, पण ती आत्ताच वेगळी काढणे भाग आहे. कारण मुदत मागणारे पत्र म्हणजे कायद्याच्या नजरेत कर्जाची लेखी कबुली. उधारीच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षे मिळतात. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. घाऊक व्यापाऱ्याला असे पत्र हवेच असते ते यासाठी. दुकानदाराचे त्यात नुकसान नाही, द्यायचे ते द्यायचेच आहे. मात्र ज्या रकमेवर सही करायची ती खरोखर देणे असलेलीच असावी. वादातले आकडे ‘मान्य बाकी’त मिसळले की मग ते बाहेर काढताना दमछाक होते.

दुसरे काम गल्ल्याचे. हप्ता किती झेपेल हे अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही. या दुकानाचा मंदीच्या महिन्यातला धंदा अडीच लाखांचा. त्यातून भाडे, पगार, वीज आणि घरखर्च मिळून ८५,००० जातात, आणि दुकान चालू ठेवायला लागणारा रोजचा माल, म्हणजे परकर, ब्लाउजपीस, सुती साड्या, यांसाठी एक लाख. उरतात ६५,०००. म्हणजे जूनमध्ये साठ हजारांच्या वर शब्द द्यायचा नाही. जुलैत आषाढी एकादशीपर्यंत थोडे मुहूर्त पुन्हा आहेत; ३,४०,००० चा धंदा धरला तर तोच खर्च आणि सव्वा लाखाचा माल वजा जाऊन १,३०,००० उरतात. ऑगस्टात राखी आणि महिन्याअखेर पोळ्याची खरेदी, गणित जुलैसारखेच. सप्टेंबरात मात्र महालक्ष्म्या आहेत. मराठवाड्यात त्या सणाला घरोघरी साड्या घेतल्या जातात, आणि शेतकऱ्याच्या हातात तोवर मूग-उडदाचे पैसे आलेले असतात.

‘दिवाळीनंतर’ हा शब्द इथे गळून पडतो, आणि तो पडायला आणखी एक कारण आहे. जीएसटीत नियम असा की बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला करासह पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत भरावे लागते. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येते, पण मधले व्याज गेले ते गेले. १२ फेब्रुवारीच्या बिलाचे १८० दिवस १० ऑगस्टला संपतात, ४ मार्चच्या बिलाचे ३१ ऑगस्टला आणि २२ मार्चच्या बिलाचे १८ सप्टेंबरला. २०२४ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अगदी शेवटी. तोवर तिन्ही बिले या रेषेच्या पलीकडे गेलेली असती. पहिल्या बिलात पाच टक्क्यांप्रमाणे सुमारे ११,४०० रुपयांचा कर आहे. मंदीत तेवढी रक्कम खिशातून काढायची आणि वर व्याज भरायचे, हे कुणाला नको असते. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला क्रेडिटच नसल्याने हा नियम लागत नाही, त्याला एवढी घाई नाही. बाकीच्यांनी पत्रातल्या तारखा कॅलेंडरवर नव्हे तर या १८० दिवसांवर बसवाव्यात.

समोरच्याचीही एक रेषा असते आणि ती बहुतेक दुकानदारांना ठाऊक नसते. घाऊक व्यापारी बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालतो. दर महिन्याला तो बँकेला माल आणि येणी यांचा तक्ता देतो, त्यावरून त्याला किती रक्कम उचलता येईल ते ठरते. ९० दिवसांहून जुनी येणी बँका या हिशेबात सहसा धरत नाहीत. म्हणजे आपले बिल ९१ व्या दिवसात गेले की शेठचे नुसते पैसे अडकत नाहीत, त्याची बँकेतली उचलही घटते. म्हणून तिन्ही बिलांवर थोडे थोडे पैसे टाकण्यापेक्षा सर्वांत जुने बिल आधी पुरे मिटवणे त्याच्या सोयीचे, आणि १८० दिवसांच्या हिशेबाने आपल्याही.

पुढे दुकानदाराने आधी फोन केला, मग पत्र लिहिले. फोन यासाठी की जुन्या ग्राहकाकडून अचानक कागद आला की शेठ बिचकतो. आणि पत्र यासाठी की फोनवर शेठने दिलेला होकार वसुलीची यादी काढणाऱ्या दिवाणजीपर्यंत पोचतोच असे नाही. आठवड्याने तोच दिवाणजी तगाद्याचा फोन करतो आणि दोन्हीकडे मन खट्टू होते. पत्र असे:

दि. २ मे २०२४

श्री. … शेठ, सोलापूर, यांस

स. न. वि. वि.

काल फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. आपल्या १२ फेब्रुवारी (२,४०,०००), ४ मार्च (२,१०,०००) आणि २२ मार्च (१,५०,०००) या तीन बिलांचे मिळून आपले आमच्याकडे ६,००,००० रुपये येणे आहे, ते आम्हांस मान्य आहे. डिसेंबरातील डागी मालाचे ८,४०० रुपये यात धरलेले नाहीत. त्या मालाची पोच सोबत जोडली आहे, क्रेडिट नोट पाठवावी.

यंदा मे-जूनमध्ये मुहूर्त नसल्याने बस्त्यांची विक्री निम्म्यावर आली आहे. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या एप्रिलच्या विक्रीचे आकडे सोबत आहेत. ठरल्या मुदतीत पूर्ण रक्कम देणे जमणार नाही, म्हणून पुढीलप्रमाणे सवड मिळावी.

१२ फेब्रुवारीच्या बिलापोटी आज ६०,००० रुपये बँकेतून पाठवले आहेत. त्याच बिलाचे ६०,००० रुपये १५ जूनला आणि उरलेले १,२०,००० रुपये २० जुलैला देऊ. ४ मार्चच्या बिलातील ९०,००० रुपयांचे शालू घडी न मोडलेले आहेत, ते १० मेपर्यंत परत पाठवण्यास परवानगी द्यावी. राहिलेले १,२०,००० रुपये २८ ऑगस्टला देऊ. २२ मार्चच्या बिलाचे १,५०,००० रुपये १६ सप्टेंबरला देऊ. ज्या बिलापोटी रक्कम पाठवू, ती त्याच बिलात जमा करावी.

मुदतीनंतरच्या दिवसांचे व्याज दरसाल १२ टक्क्यांनी शेवटच्या हप्त्याबरोबर देऊ. महालक्ष्म्यांसाठी लागणारा नवा माल रोखीने घेऊ.

आपली संमती या पत्राच्या प्रतीवर सही करून कळवावी. कळावे,

आपला,
…

पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाक्य कोणते असे विचारले तर मी ‘आज ६०,००० रुपये पाठवले आहेत’ याकडे बोट दाखवीन. एकूण देण्याचा तो दहावा भाग. पण अजून मुदत भरलेली नसताना आलेले पैसे पाहून शेठ बाकीचे पत्र वेगळ्या नजरेने वाचतो. पैसे न पाठवता लिहिलेले हेच पत्र त्याच्या टेबलावर महिनाभर पडून राहिले असते.

मंदीचे कारण एका वाक्यात आटोपले आहे, आणि तेवढे पुरे. सोलापूरच्या शेठला मुहूर्त नाहीत हे आपल्याआधी कळलेले असते, त्याच्याकडे अशी दहा दुकाने असतात. त्याला प्रश्न पडतो तो वेगळा: मंदी सगळ्यांनाच आहे, मग हा दुकानदार त्यातून तगणार की बुडणार? त्याचे उत्तर घरच्या अडचणींच्या वर्णनातून मिळत नाही, विक्रीच्या दोन आकड्यांतून मिळते. काही जण घरातले आजारपण, मुलाची फी, सगळे लिहून काढतात. त्याने कणव वाटेलही, पण घरच्याच खर्चासाठी गल्ला रिकामा होतो आहे असा अर्थही त्यातून निघतो.

‘त्याच बिलात जमा करावी’ ही ओळही सहज म्हणून टाकलेली नाही. करार कायद्यानुसार पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितले, तर घेणाऱ्याला ते तसेच धरावे लागतात. सांगितले नाही तर घेणारा आपल्या मर्जीने कुठेही टाकू शकतो. पेढ्यांमध्ये अशी रक्कम ‘खात्यावर’ जमा होते आणि सहा महिन्यांनी कोणते बिल मिटले, कोणते राहिले, यावरून कर सल्लागार डोके धरून बसतो. बँकेतून पैसे पाठवताना शेऱ्यात बिल क्रमांक लिहिला की भागते.

माल परत करण्याची मागणी करताना दुकानदार संकोचतात. खरे तर ही या पत्रातली सर्वांत स्वस्त सवलत आहे. घडी न मोडलेला शालू दुकानात जुलैपर्यंत पडून राहणार. सोलापूरची पेढी तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या दुकानात खपवू शकते. त्या ९०,००० वर व्याजही चढत नाही. शेठ जाण्या-येण्याचे भाडे मागेल, कदाचित दोन-चार टक्के कापेलही. पण परत करायचा माल हंगाम संपायच्या आत गेला पाहिजे. ऑगस्टात पाठवलेला लग्नाचा माल कुणी घेत नाही.

व्याजावर घासाघीस होते. बिलाच्या तळाशी ‘मुदतीनंतर १८ टक्के व्याज’ असे छापलेले असते. या उदाहरणात १८ टक्क्यांनी हिशेब केला तर सगळ्या उशिराचे मिळून सुमारे १६,७५० रुपये होतात, १२ टक्क्यांनी सुमारे ११,१५०. म्हणजे भांडण साडेपाच हजारांचे आहे. शेठ १८ वरच अडला तर मान्य करून टाकावे असे मला वाटते. माल परत घेण्यावर किंवा तारखांवर त्याने नमते घेतले तर त्याची किंमत याहून जास्त आहे.

खरी अडचण पुढच्या वाक्यात येते. शेठ म्हणतो, ‘ठीक आहे, चारही हप्त्यांचे चेक देऊन ठेवा.’ पुढच्या तारखेचे चेक देण्यात गैर काही नाही, पेठेत रीतच आहे. फक्त आता चुकलेला हप्ता हा नुसता उशीर राहत नाही. चेक परतला, बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत पेढीने नोटीस पाठवली, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून गल्ल्याच्या गणितात सर्वांत पक्का असलेला हप्ता, इथे जूनचा, त्याचाच चेक द्यावा आणि बाकीचे ‘मागचा वटला की पुढचा’ असे ठरवावे. कोरा चेक, मग तो ‘फक्त सिक्युरिटी म्हणून’ का मागितलेला असेना, देऊ नये. आणि हप्ता चुकणार असे दिसले तर चेक बँकेत पडण्याआधी दोन-तीन दिवस फोन करून निम्मे पैसे तरी पाठवावेत.

हेच पत्र सगळ्या पुरवठादारांना पाठवता येते असे मात्र नाही. या दुकानात सोलापुरातल्याच एका कारखान्यातून चादरी आणि टॉवेल येतात. हा माल विकणारा स्वतः विणतो, आणि उद्यम नोंदणीत तो सूक्ष्म उद्योग म्हणून दाखल आहे. त्याच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा लागू होतो. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. दोघांनी मिळून चार महिन्यांची मुदत ठरवली तरी कायदा ती ओळखत नाही. उशिराचे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. हे व्याज खर्च म्हणून दाखवताही येत नाही.

त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक कलम घातले, व्यापारी त्याला ४३-बी-एच म्हणूनच ओळखतात. अशा सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल वरच्या मुदतीबाहेर गेले आणि ३१ मार्चला तसेच थकलेले असेल, तर त्या खरेदीचा खर्च त्या वर्षी धरला जात नाही, पैसे देतो त्या वर्षी धरला जातो. नफा नसताना कागदावर नफा दिसतो आणि त्यावर कर भरावा लागतो. मार्च २०२४ मध्ये कापड बाजारात या कलमावरून जी धावपळ झाली ती याचमुळे.

साड्यांच्या पेढीला हे लागत नाही, कारण ती दुसऱ्याचा माल घेऊन विकते. घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग अग्रक्रमाच्या कर्जापुरता. विलंबाने पैसे देण्याविरुद्धचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसते ‘उद्यम’ प्रमाणपत्र पाहून घाबरायचे नाही, की दुर्लक्षही करायचे नाही. त्यावर व्यवसायाचा प्रकार लिहिलेला असतो, उत्पादन की व्यापार, ते वाचायचे. चादरीवाल्याची रक्कम लहान असेल तर आधी त्याची मिटवावी आणि सवड मागायची ती साड्यांच्या पेढीकडे मागावी. बहुतेक दुकानदार उलटे करतात. मोठी पेढी माल थांबवेल या भीतीने तिला आधी देतात आणि लहान विणकराला थांबवून ठेवतात. कायदा आणि कर दोन्ही बाजूंनी ते महाग पडते.

शेठचे उत्तर क्वचितच ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येते. शालू परत घेऊ, पण पाच टक्के कापू. सप्टेंबरचा हप्ता महालक्ष्म्यांच्या आधी द्या. नवा माल रोखीने म्हणजे पैसे आधी, माल नंतर. यातले जे ठरेल ते पत्राच्या प्रतीवर हाताने लिहून दोघांनी सही करावी, म्हणजे ठरलेले एकाच कागदावर राहते. व्यवहारात मोबाइलवर आलेला ‘ठीक आहे’ असा संदेशही चालून जातो, पण तो कशाला ‘ठीक आहे’ म्हणतो हे त्याच्या वरच्या ओळीत दिसत असले पाहिजे. मध्ये दलाल असेल तर एक प्रत त्याला द्यावी, पुढे शब्द फिरला तर आठवण करून द्यायला तोच उपयोगी पडतो.

आणि १६ सप्टेंबरला शेवटचे पैसे गेले की काम संपत नाही. व्याजाचा हिशेब करून तीही रक्कम पाठवावी, डागी साड्यांची ८,४०० ची क्रेडिट नोट आली का ते पाहावे, तिन्ही बिलांपुढे शून्य दाखवणारा खातेउतारा पेढीच्या शिक्क्यासह मागवावा, आणि न वापरलेला एखादा चेक त्यांच्याकडे राहिला असेल तर तो परत आणावा.